पैठणीचा खरा रंग फोनवर दिसावा म्हणून

“दादा, हा वांगी आहे की जांभळा?” व्हिडिओ कॉलवर पैठणी दाखवणाऱ्याला हा प्रश्न पुनःपुन्हा ऐकावा लागतो. गादीवर साडी उलगडलेली असते. दुकानदाराला ती स्वच्छ वांगी दिसत असते. पुण्यातल्या ताईंना मात्र फोनमध्ये ती कधी जांभळी दिसते, कधी निळसर, आणि पदर पुढे आला की एकदम तपकिरी. दुकानदार प्रामाणिक आहे, ताईंचे डोळे ठीक आहेत, फोनही बऱ्यापैकी नवा आहे. तरीही साडी घरी पोचल्यावर “फोनवर दाखवलेली ही नव्हे” असं ऐकण्याची धास्ती दोघांनाही असते.

नाशिक जिल्ह्यातल्या येवल्यात पैठणीचे माग आणि पैठणीची दुकानं शेजारीशेजारी आहेत. त्यांतलं एक छोटं दुकान डोळ्यांसमोर आणू. दहा बाय बाराचा गाळा, तोंड पश्चिमेला. छताला जुन्या चोकची ट्यूब, काचेच्या कपाटात पिवळ्या उजेडाचे एलईडी, आणि व्हिडिओ कॉल वाढले म्हणून हौसेनं आणलेला एक रिंग लाइट. मालकांचे प्रश्न साधे आहेत आणि असा माल फोनवर दाखवणाऱ्या कुणालाही पडतील असे आहेत. पडद्यावर काळे पट्टे का सरकतात? साडी बदलली की मागच्या भिंतीचा रंग का बदलतो? जर कधी पांढरी, कधी काळी का दिसते? आणि नवा दिवा घ्यायचा तर कोणता?

दिवसाचा उजेड सगळ्यांत चांगला, हे साडी विकणाऱ्याला सांगावं लागत नाही. रंगाची शंका आली की गिऱ्हाईक आजही साडी घेऊन दुकानाच्या दारात येतं. अडचण वेळेची आहे. पुण्या-मुंबईचं नोकरदार गिऱ्हाईक मोकळं होतं रात्री आठनंतर. न्यू जर्सीतल्या मराठी कुटुंबात सकाळचे साडेआठ-साडेनऊ वाजतात तेव्हा येवल्यात संध्याकाळचे सात झालेले असतात. तिथले लोक रात्री जेवण उरकून निवांत फोन करतात तेव्हा इथे पहाट असते. आणि भर दुपारी कॉल आला, तरी पावसाळ्यात ढग येतो-जातो तसा दारातून येणारा उजेड क्षणात निम्म्यावर येतो. फोन त्याच्याशी जुळवून घेण्यात गुंततो आणि साडीचा रंग पडद्यावर डोलत राहतो. म्हणून कुठल्याही वेळी सारखाच राहील असा दिव्याचा उजेड दुकानदाराला लागतो.

आधी त्या काळ्या पट्ट्यांचं बघू.

आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. दिव्यात ती सेकंदाला शंभर वेळा चढते आणि उतरते, त्यामुळे साधा दिवाही सेकंदाला शंभर वेळा उजळतो आणि मंदावतो. डोळ्याला ते कळत नाही. फोनच्या कॅमेऱ्याला कळतं, कारण तो सगळं चित्र एका झटक्यात टिपत नाही. वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत एकेक ओळ वाचत जातो. काही ओळी दिवा उजळलेला असताना वाचल्या जातात आणि काही तो मंदावलेला असताना. त्याच ओळींचे उजळ-काळे पट्टे होतात. कॉलमधलं चित्र साधारण सेकंदाला तीस वेळा बदलतं, दिव्याची लय शंभरची. दोन्हींचा मेळ बसत नाही, म्हणून पट्टे एका जागी न थांबता वर किंवा खाली सरकत राहतात.

प्रत्येक ओळ किती वेळ उजेड गोळा करते यावर पट्ट्यांचं गणित ठरतं. ती सेकंदाचा शंभरावा किंवा पन्नासावा भाग उजेड घेत असेल, तर दिव्याचा एक किंवा दोन पूर्ण चढउतार तिच्या वाट्याला येतात. सगळ्या ओळी सारख्या उजळतात आणि पट्टे दिसत नाहीत. फोन शक्यतो असंच करतो. पण उजेड फार झाला की चित्र पांढरं पडू नये म्हणून त्याला वेळ कमी करावा लागतो, अडीचशेवा भाग किंवा त्याहूनही थोडा. मग पट्टे उमटतात. इथेच दुकानदार फसतो. पट्टे दिसले म्हणून तो तशाच जातीचा आणखी एक दिवा लावतो, उजेड वाढतो आणि पट्टे आधीपेक्षा ठळक होतात. दोष उजेडाच्या प्रमाणात नाही, दिव्याच्या जातीत आहे.

कोणता दिवा कोणत्या जातीचा, हे ओळखायला कसलंही यंत्र लागत नाही. दुकानातले बाकीचे दिवे घालवून एकच दिवा ठेवायचा आणि त्याखाली एक पेन्सिल बोटांत धरून भराभर हलवायची. पेन्सिलीचा सलग पुसट पंखा दिसला तर दिवा स्थिर आहे. एकाऐवजी सुट्या सुट्या पाच-सहा पेन्सिली दिसल्या तर दिवा लुकलुकतो आहे. फोनमध्ये स्लो मोशन असेल तर आणखी सोपं. दिव्याच्या उजेडातल्या कोऱ्या भिंतीचं दहा सेकंद चित्रण करायचं आणि परत बघायचं. भिंत धडधडताना दिसली की तो दिवा व्हिडिओ कॉलच्या कामाचा नाही.

आपल्या दुकानात ही परीक्षा घेतली तर जुन्या चोकची ट्यूब पहिल्या फेरीतच बाद होते, कारण तिचा उजेड थेट विजेच्या लयीवर हलतो. इलेक्ट्रॉनिक चोकची ट्यूब सेकंदाला हजारो वेळा उजळते, त्यामुळे तिचा त्रास जाणवत नाही. एलईडीचं मात्र सरसकट सांगता येत नाही. एलईडी स्वतः थेट विजेवर चालत नाही. त्याच्या बुडाशी विजेचा चढउतार सपाट करणारा एक छोटा भाग असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. स्वस्त दिव्यात काटकसर होते ती इथेच. सारख्याच वॅटचे, सारख्याच उजेडाचे दोन बल्ब शेजारी लावले, तर एकाखाली पेन्सिलीचा पंखा दिसतो आणि दुसऱ्याखाली सुट्या पेन्सिली. खोक्यावरून हे कळत नाही. म्हणून विजेच्या दुकानात दिवा लावून दाखवायला सांगावं आणि खिशातली पेन्सिल तिथेच हलवून बघावी. दुकानदार ओळखीचा असेल तर तो हसेल, पण लावून दाखवेल.

रिंग लाइटबद्दल एक खुबी लक्षात ठेवण्यासारखी आहे. तो पूर्ण उजेडावर असताना पट्टे नसतात, पण डोळ्यांवर येतो म्हणून कमी केला की पट्टे सुरू होतात, असा अनुभव अनेकदा येतो. बऱ्याच स्वस्त दिव्यांत उजेड कमी करायची रीत अशी असते की दिवा भराभर विझवायचा आणि पेटवायचा. विझलेला वेळ जितका जास्त, तितका उजेड मंद. डोळ्याला मंद वाटतो, कॅमेऱ्याला लुकलुकता दिसतो. असा दिवा पूर्ण उजेडावरच ठेवावा आणि उजेड जास्त वाटला तर दिवा मागे सरकवावा. अंतर दुप्पट केलं की छोट्या दिव्याचा उजेड साधारण चौथाईवर येतो.

लहान गावात अजून एक गोष्ट सोसावी लागते. शेजारची पिठाची गिरणी सुरू झाली की व्होल्टेज पडतं आणि दिवा क्षणभर मलूल होतो. चांगल्या ड्रायव्हरचा एलईडी बऱ्याच कमी-जास्त व्होल्टेजवर सारखाच उजेड देतो. त्याहून सोपा उपाय म्हणजे यूएसबीवर चालणारा दिवा पॉवर बँकेला लावणं. बॅटरीतली वीज मुळातच सपाट असते, त्यामुळे गिरणी सुरू होवो की वीज जावो, चालू कॉलमध्ये उजेड हलत नाही.

पट्टे गेले, तरी रंग बदलायचा राहत नाही. साडी बदलली की मागची भिंत कधी पिवळट, कधी हिरवट होते. याचं कारण दिव्यात नसून फोनमध्ये आहे.

माणसाचा डोळा पिवळ्या दिव्याखालीही पांढऱ्या कागदाला पांढराच म्हणतो. तेच काम फोन आपोआप करतो. समोरच्या चित्रातले सगळे रंग बघून तो अंदाज बांधतो की उजेड कसल्या छटेचा आहे, आणि ती छटा वजा करतो. अंदाज बांधताना त्याचा एक ढोबळ ठोकताळा असतो, की साधारण चित्रात सगळे रंग मिसळून बेताचा राखाडी होतो. आता कुंकवासारख्या लाल पैठणीनं पूर्ण पडदा भरला, तर त्याला वाटतं उजेडच लाल आहे. तो लाल कमी करतो. साडी विटकी दिसते आणि कडेला दिसणारी भिंत हिरवट होते. पुढे पोपटी साडी आली की उलटं होतं.

उजेडाच्या प्रमाणाचंही तसंच. लाल काठाची काळी चंद्रकळा जवळून दाखवली तर फोन म्हणतो, फार काळोख आहे, आणि चित्र उजळवतो. काळा रंग राखेसारखा दिसायला लागतो. मोतिया रंगाची साडी घेतली तर फोनला उजेड जास्त वाटतो, तो चित्र मंद करतो आणि साडी मळकी दिसते. फोनच्या नेहमीच्या कॅमेऱ्यात पडद्यावर बोट दाबून ठेवलं की ही मोजणी गोठवता येते. कॉल चालू असताना मात्र साधारणतः ही सोय मिळत नाही. म्हणून फोनला गोंधळायला वावच ठेवायचा नाही, एवढंच दुकानदाराच्या हाती उरतं.

त्याची तजवीज जुन्या दुकानांत आधीपासून आहे. साडीच्या दुकानातली गादी आणि तिच्यावरची पांढरी चादर गिऱ्हाइकाला रंग नीट दिसावा म्हणून उपयोगी पडते, आणि फोनलाही पडते. फक्त धुवट पांढऱ्याऐवजी फिकी राखाडी किंवा मोतिया सुती चादर बरी. कारण लख्ख पांढरं जास्त दिसलं की फोन चित्र काळवंडतो. साडी कुठलीही असो, पडद्याचा चौथा हिस्सा तरी ही चादर दिसत राहिली पाहिजे. साडी बदलते, चादर बदलत नाही, त्यामुळे फोनचा अंदाज फारसा हलत नाही. चादरीवर लालसर किंवा हिरव्या भिंतीचा उजेड पडत असेल तर त्या भिंतीवरही एक फिकं कापड सोडावं. शेजारी ठेवलेल्या साड्यांच्या चळतीसुद्धा रंग फेकतात, त्या हातभर लांब असाव्यात.

चौकटीत चेहरा नको, हेही याच कारणानं. बहुतेक फोन चेहरा ओळखतात आणि तो नीट दिसेल असा उजेड जुळवतात. दुकानदारानं कौतुकानं पदर खांद्यावर घेतला की फोन त्याच्या चेहऱ्याकडे बघतो, साडीकडे नाही. व्हॉट्सॲपनं 2024 साली कॉलमध्ये अंधुक उजेड वाढवण्याची आणि चेहरा नितळ करण्याची सोय आणली. माल दाखवताना ती बंदच हवी, कारण वीण आणि नितळपणा यांचं जमत नाही. गप्पा मारायच्या तर पुढच्या कॅमेऱ्यावर माराव्यात, आणि साडी दाखवायची वेळ आली की मागच्या कॅमेऱ्यावर जावं. पुढच्या कॅमेऱ्यापेक्षा मागचा साधारणतः सरस असतो.

आता दिव्याचा रंग. खोक्यावर केल्विनमध्ये एक आकडा लिहिलेला असतो. 3000 म्हणजे पिवळा उजेड, 4000 म्हणजे बेताचा, 6500 म्हणजे निळसर पांढरा. यांतला कोणता निवडावा यापेक्षा एकच निवडावा हे महत्त्वाचं. दुकानातल्या गाळ्यात संध्याकाळी पाचला पश्चिमेच्या दारातून सोनेरी ऊन येतं, छताची ट्यूब निळसर, कपाटातले दिवे पिवळे. गादीवरच्या साडीचा दाराकडचा भाग एका रंगाचा दिसतो आणि कपाटाकडचा दुसऱ्या. फोन साऱ्या चित्राला मिळून एकच दुरुस्ती करतो, त्यामुळे एक बाजू सुधारली की दुसरी बिघडते. कॉल आला की कपाटातले दिवे बंद, दाराला पडदा, आणि फक्त गादीसाठी ठेवलेले दिवे चालू, असा नेम ठेवला तर निम्मा गोंधळ तिथेच संपतो.

खोक्यावर दुसरा एक आकडा असतो, सीआरआय. त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचं ते माप, शंभरपैकी. साध्या एलईडीवर 80 लिहिलेलं असतं, चांगल्यावर 90 किंवा जास्त. पैठणीवाल्यानं यात थोडं खोल जायला हवं. हा आकडा आठ फिकट रंगांच्या सरासरीवर काढतात आणि गडद लाल त्या आठांत नसतो. त्याचं माप वेगळं असतं, त्याला आर-9 म्हणतात. सीआरआय 80 असलेल्या दिव्याचा आर-9 शून्याच्या आसपासही असू शकतो. म्हणजे त्याच्याखाली कुंकवाचा लाल, डाळिंबी, राणी हे रंग मेलेले दिसतात आणि हिरव्या-निळ्या साड्या मात्र ठीक. लग्नसराईत सगळ्यांत जास्त मागणी लालाच्या छटांना असते, त्यामुळे 90 च्या वरचा दिवा पैठणीच्या दुकानात चैन नाही.

दिवे दोन पुरेत. चार फुटी एलईडी पट्टी साधारण 20 वॅटची असते. तशा दोन पट्ट्या, एकाच कंपनीच्या, एकाच केल्विनच्या आणि एकाच वेळी घेतलेल्या. त्या गादीच्या वर कुठे लावायच्या हे मात्र जरीवर अवलंबून आहे. आणि जर हा या सगळ्यातला कठीण भाग आहे.

रेशीम उजेड थोडा पसरवतं, थोडा परत फेकतं. जर धातूची असते. तिला स्वतःचा रंग दाखवता येत नाही, समोर जे असेल ते ती दाखवते. समोर उघडा बल्ब असेल तर पदरावरच्या मोरांच्या जागी पांढरा डाग उमटतो. समोर काळोखी छत असेल तर तीच जर काळपट, जुनाट दिसते. रिंग लाइट कॅमेऱ्याभोवतीच असतो, म्हणून त्याचा उजेड जरीवर आपटून सरळ कॅमेऱ्यात परत येतो. जर पांढरी पडते. तिच्या झगमगाटानं बिथरून फोन चित्र मंद करतो आणि शेजारचं रेशीम काळवंडतं. चेहरा दाखवायला बनवलेलं ते साधन जरीच्या मालाला चालत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं.

जरीला लागतो मोठा, मऊ आणि तिरपा उजेड. दोन्ही पट्ट्या गादीच्या डाव्या-उजव्या बाजूला, गादीपासून चार-पाच फूट उंचीवर आणि तिरप्या असाव्यात. प्रत्येकीच्या खाली हातभर अंतरावर पांढरं मलमल ताणावं, म्हणजे उघड्या दिव्याऐवजी एक मोठा उजळ पडदा जरीत दिसतो. छत पांढरं असेल तर मलमलीचीही गरज नाही. पट्ट्या वर तोंड करून छतावर उजेड टाकावा, छतच दिवा होतं. उजेड थोडा कमी होतो, पण जर सोनेरी दिसते. काळोख्या बाजूला पांढरा कागद चिकटवलेलं मोठं पुठ्ठं उभं केलं की तिकडची जरही उजळते.

फोन हातात धरायचा नाही. छातीच्या उंचीवर स्टँडला लावायचा, मागचा कॅमेरा तिरपा खाली गादीकडे, आणि दुकानदार फोनच्या मागे. पडदा त्याच्या समोर राहतो आणि त्याचे हात फोनच्या दोन्ही बाजूंनी पुढे जाऊन साडी हाताळतात. गिऱ्हाइकाला काय दिसतं आहे हे त्याला सतत दिसतं. पण पडद्यावर पूर्ण भिस्त ठेवू नये. लांबलेल्या कॉलमध्ये फोन तापतो आणि पडद्याची चमक स्वतःहून कमी करतो. दुकानदाराला वाटतं उजेड पडला आणि तो दिवे हलवू लागतो, पलीकडे मात्र आतापर्यंत सगळं ठीक असतं.

अशी मांडणी झाली की एक कॉल कसा जावा? समजा, पुण्याहून एका ताईंना मोरपंखी पैठणी बघायची आहे, नारळी काठ आणि पदरावर बांगडी मोर. आधी साडी घडीतच गादीच्या मध्यावर, भोवती चादर दिसेल अशी ठेवायची आणि पाच सेकंद काही हलवायचं नाही. फोनला रंग जुळवायला तेवढा वेळ लागतो. मग पदर सावकाश उलगडायचा आणि पुन्हा थांबायचं. व्हिडिओ कॉलमध्ये चित्र दाबून पाठवलं जातं, आणि हालचाल जितकी जास्त तितकी दाबादाब जास्त. साडी भराभर फिरवली की पलीकडे नुसते चौकोन दिसतात. हात थांबला की दोन-तीन सेकंदांत वीण स्पष्ट होते. जुने विक्रेते साडी झर्रकन उलगडतात, ती त्यांची लकब गादीवर शोभते. फोनपुढे ती आवरावी लागते.

त्यानंतर काठ. पाठवताना चित्रातली उजेड-सावली प्रत्येक ठिपक्याची जाते, पण रंग साधारण चार ठिपक्यांना मिळून एकच जातो. त्यामुळे काठातली बारीक लाल रेघ शेजारच्या हिरव्यात मिसळते आणि तपकिरी दिसते. वांग्याचा तपकिरी होतो तो यातूनच, जर आणि रेशीम एकमेकांत मिसळून. उपाय एकच, काठ इतका जवळ आणायचा की दोन बोटांची रुंदी अर्धा पडदा व्यापेल. जवळ आणताना फोन नव्हे, साडी उचलायची. चादर मागे दिसत राहिली पाहिजे.

मोरपंखी रंगात ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असेल तर तो धूपछाव होतो. असं कापड सरळ एकाच रंगाचं दिसतं. दोन्ही हातांनी धरून, सावकाश, चार-पाच सेकंदांत पुढून मागे झुकवलं की हिरव्यातून निळा निघताना दिसतो. जरही याच झुकवण्यात एकदा काळी, एकदा सोनेरी, एकदा पांढरी होते आणि बघणाऱ्याला ती धातूची आहे हे पटतं. फोटोत जे कधीच येत नाही ते इथे येतं. व्हिडिओ कॉल फोटोपेक्षा सरस ठरतो तो इथे.

ताई जाणकार असतील तर म्हणतील, “दादा, पदराची उलटी बाजू दाखवा.” मागणी रास्त आहे. हातमागावरच्या पैठणीचा पदर मागूनही जवळपास पुढच्यासारखाच दिसतो. यंत्रमागावरच्या नकलेत मागे सुटे लोंबते धागे किंवा ते कापल्याच्या खुणा असतात. उलटी बाजू दाखवताना एक पट्टी बंद करावी आणि दुसरीचा उजेड कापडाला जवळजवळ समांतर पडू द्यावा. वर आलेल्या प्रत्येक धाग्याची सावली पडते आणि वीण कशी आहे ते लपत नाही. रंग दाखवायला मऊ उजेड, वीण दाखवायला तिरपा आणि एका बाजूचा. दोन्ही एकाच वेळी साधत नाहीत, तसा प्रयत्नही करू नये.

इतकं करूनही ताईंना साडी निळी दिसू शकते, कारण शेवटचा घोटाळा त्यांच्या हातातल्या फोनमध्ये असतो. रात्री डोळ्यांना आराम म्हणून पडदा पिवळा करणारी सोय बऱ्याच फोनमध्ये आपोआप सुरू होते. काही फोन मुळातच रंग भडक दाखवतात. येवल्यातून पाठवलेला रंग बरोबर आहे की नाही, हे दोघांनी मिळून तपासायला एक साधा मार्ग आहे. दुकानदारानं साडीशेजारी शंभराची नोट ठेवायची आणि ताईंनी आपल्या पर्समधली शंभराची नोट फोनच्या पडद्याशेजारी धरायची. 2018 पासूनची ही नोट फिक्या जांभळ्या रंगाची आहे, वांगी-जांभळ्याचा वाद मिटवायला सोयीची. मोरपंखी किंवा निळ्यासाठी 2017 ची पन्नासाची निळी नोट, पिवळ्यासाठी दोनशेची. पडद्यातली नोट हातातल्या नोटेसारखी दिसली तर साडीचा रंगही जवळपास खरा. नोट पिवळट दिसली तर साडीही तितकीच पिवळट दिसते आहे, आणि ताईंना पडद्याची ती सोय बंद करायला सांगता येतं. दोन्हीकडच्या नोटा सारख्याच जुन्या असाव्यात, मळकी नोट नको. परदेशातल्या गिऱ्हाइकाकडे नोट नसेल तर कोरा छपाईचा कागद दोन्हीकडे धरावा. त्यातून निदान पिवळट-निळसर कळतं.

काही रंग तरीही हाती लागत नाहीत. गर्द राणी, गडद जांभळा आणि काही मोरपंखी छटा इतक्या तीव्र असतात की फोनचा पडदा त्या दाखवूच शकत नाही. तो त्यांच्या जवळचा फिका रंग दाखवतो. अशा साडीबाबत दुकानदारानं आधीच सांगावं, “ताई, प्रत्यक्षात हा याहून गडद आहे, थोडा लालाकडे जातो.” कॉल संपल्यावर दुसऱ्या दिवशी दहा-अकराच्या सुमारास, दारातल्या सावलीत, उन्हात नव्हे, त्याच चादरीवर त्याच नोटेशेजारी एक फोटो काढून मोठ्या आकारात पाठवावा. साडी भारी किमतीची असेल आणि विणकर ओळखीचा असेल तर त्याच्याकडे त्याच रंगणीतलं ताण्या-बाण्याचं उरलेलं रेशीम असतं. त्यातले वीतभर धागे पाकिटात घालून पोस्टानं पाठवले की रंगाबद्दल बोलायचं काही उरत नाही. लग्नाची साडी फोनवर घेणाऱ्यांनी पैसे पाठवण्यापूर्वी हे धागे मागून घ्यावेत, आणि दुकानदारांनी ते न मागता द्यावेत.